लॅपटॉपचा घसारा: एकच किंमत, दोन हिशेब

स्थिर मालमत्तेच्या नोंदवहीत प्रत्येक वस्तूची एक ओळ असते. खरेदीची तारीख, किंमत, आयुष्य आणि मोडीची किंमत तिथे लिहिलेली असते. पुढच्या रकान्यांत दरवर्षीचा घसारा वजा होत जातो. तो किती, हे पद्धतीवर ठरते.

समजा, एखाद्या कंपनीने १ एप्रिलला ६०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत अशा यंत्राचे आयुष्य ३ वर्षे धरले आहे आणि मोडीची किंमत साधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त धरत नाहीत. म्हणजे ३,००० रुपये शेवटी उरवायचे आणि ५७,००० खर्ची टाकायचे. स्थिर हप्ता पद्धतीत त्याचे तीन सारखे भाग होतात. ऱ्हासमान शेष पद्धतीत ठरावीक टक्केवारी दरवर्षी उरलेल्या शिलकीवर लावतात. ती स्प्रेडशीटमध्ये अशी काढतात:

```
=1-(3000/60000)^(1/3)
```

उत्तर ६३.१६ टक्के येते.

| वर्ष | स्थिर हप्ता: घसारा | शिल्लक | ऱ्हासमान शेष: घसारा | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | १९,००० | ४१,००० | ३७,८९६ | २२,१०४ |
| २ | १९,००० | २२,००० | १३,९६१ | ८,१४३ |
| ३ | १९,००० | ३,००० | ५,१४३ | ३,००० |

दोन्हीकडे बेरीज ५७,००० च भरते. फरक फक्त कोणत्या वर्षाच्या नफ्यातून किती जाते एवढाच. पण वस्तू मध्येच विकली की हा फरक डोळ्यात भरतो. पहिले वर्ष संपताच लॅपटॉप ३०,००० ला गेला, तर स्थिर हप्त्यात ११,००० तोटा दिसेल आणि ऱ्हासमान शेषात ७,८९६ नफा. विक्री तीच असते आणि हाती आलेले पैसेही तेच. म्हणून विक्रीवरचा नफा पाहून व्यवहार चांगला झाला असे म्हणणे घाईचे ठरते.

सर्वांत जास्त चूक दरात होते. तीन वर्षांचे आयुष्य म्हणून ३३.३३ टक्के दर घेऊन तोच घटत्या शिलकीवर लावला जातो. मग तिसऱ्या वर्षाअखेर ३,००० ऐवजी १७,७७८ रुपये उरतात. खूण सोपी आहे: शेवटच्या रकान्यात मोडीची किंमत नेमकी उतरत नसेल, तर दर चुकलेला आहे. दुसरी चूक तारखेची. १ ऑक्टोबरला घेतलेल्या लॅपटॉपवर मार्चअखेर सहा महिन्यांचाच घसारा, म्हणजे स्थिर हप्त्याने साधारण ९,५०० रुपये बसतो.

प्राप्तिकराचा तक्ता मात्र वेगळाच ठेवावा लागतो. तिथे संगणकांचा एकत्र गट करून ऱ्हासमान शेष पद्धतीने ४० टक्के घसारा मिळतो, आणि खरेदीच्या वर्षी वस्तू १८० दिवसांहून कमी वापरली असेल तर त्याच्या निम्मा.