पत्ता एक, दावेदार दोन

घरच्या वायफायवरच्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता असतो, आणि एका वेळी तो पत्ता एकाच उपकरणाकडे असावा लागतो. दोघांनी तोच पत्ता धरला की विंडोजच्या पडद्यावर `Windows has detected an IP address conflict` अशी सूचना येते. सूचना लॅपटॉपवर दिसते म्हणून दोष लॅपटॉपला दिला जातो. प्रत्यक्षात गोंधळाचे मूळ बरेचदा कोपऱ्यातल्या प्रिंटरमध्ये सापडते.

पत्ते वाटण्याचे काम राउटरमधली डीएचसीपी ही सेवा करते. समजा तिच्याकडे 192.168.1.2 ते 192.168.1.254 एवढे पत्ते वाटायला आहेत. त्यातला एक ती उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी, उदाहरणार्थ 24 तासांसाठी, देते आणि कोणाला काय दिले याची नोंद ठेवते. सगळेच जण तिच्याकडून पत्ता घेत असतील तर टक्कर सहसा होत नाही. पण प्रिंटर बसवताना कोणीतरी त्याच्या मेनूत जाऊन 192.168.1.10 हा पत्ता हाताने टाकून ठेवलेला असतो. राउटरला याची काहीच खबर नसते.

प्रिंटर बंद असताना पाहुण्यांचा लॅपटॉप घरात येतो आणि राउटर त्याला नेमका 192.168.1.10 देतो. आजचे संगणक मिळालेला पत्ता वापरण्याआधी ‘हा पत्ता कोणी वापरत आहे का?’ असे नेटवर्कवर विचारून घेतात, पण बंद प्रिंटर उत्तर कुठून देणार? संध्याकाळी प्रिंटर चालू होतो आणि न विचारता आपल्या जुन्याच पत्त्यावर बसतो. आता ‘192.168.1.10 कोण?’ या प्रश्नाला दोघेही ‘मी’ म्हणतात. इतर उपकरणे शेवटी ऐकलेले उत्तर लक्षात ठेवतात, त्यामुळे छपाईचे काम कधी प्रिंटरकडे जाते तर कधी लॅपटॉपकडे. एक पान छापले जाते, दुसरे अडकते, आणि लॅपटॉपचे इंटरनेट मधूनमधून तुटते. असे रडतखडत चालणे हीच या दुखण्याची खूण. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ बरे वाटते, एवढेच.

संशय खरा की खोटा हे तपासता येते. प्रिंटर बंद करावा आणि तिसऱ्याच एखाद्या विंडोज संगणकावर, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, हे टाकावे:

```
arp -d 192.168.1.10
ping 192.168.1.10
arp -a
```

पहिली ओळ जुनी नोंद पुसते. दुसरीला उत्तर आले नाही तरी बिघडत नाही, कारण फायरवॉल ते अडवू शकते. तिसरीने येणाऱ्या यादीत 192.168.1.10 समोर मॅक पत्ता दिसला, तर प्रिंटर बंद असूनही तो पत्ता दुसरे कोणीतरी वापरत आहे हे नक्की. मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाची 12 अक्षरी ओळख. ती राउटरच्या पानावरील यादीशी ताडून पाहिली की दुसरा दावेदार सापडतो.

यावर एक उपाय म्हणजे हाताने दिलेले पत्ते वाटपाच्या हद्दीबाहेर ठेवणे. राउटरच्या `DHCP Server` पानावर वाटपाची हद्द 192.168.1.100 ते 192.168.1.200 अशी आखून घेतली की 192.168.1.10 प्रिंटरला बिनधोक राहतो. सबनेट मास्क 255.255.255.0 आणि गेटवे म्हणून राउटरचा पत्ता, बहुधा 192.168.1.1, तसाच ठेवावा. हद्द बदलल्यावरही लॅपटॉप जुना पत्ता लगेच सोडेलच असे नाही. `ipconfig /release` आणि मग `ipconfig /renew` दिले की नवा मिळतो.

दुसरा उपाय आरक्षणाचा, आणि घरासाठी तोच अधिक सोयीचा. प्रिंटर ‘ऑटोमॅटिक’वर ठेवायचा आणि राउटरच्या `Address Reservation` पानावर त्याचा मॅक पत्ता व हवा तो आयपी पत्ता जोडून टाकायचा. मग प्रिंटर दर वेळी राउटरकडेच पत्ता मागतो, पण त्याला मिळतो तोच ठरलेला, आणि तो राउटर इतर कोणाला देत नाही. सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते. मॅक पत्ता प्रिंटरने छापलेल्या नेटवर्क माहितीच्या पानावर असतो; मात्र केबलचा आणि वायफायचा मॅक वेगवेगळा असतो, म्हणून जी जोडणी वापरात आहे तिचाच घ्यावा.

फोनसाठी आरक्षण करताना एक अडचण येते. हल्लीचे फोन खासगीपणासाठी वायफायवर खऱ्याऐवजी बनावट मॅक दाखवतात. तो बदलला की फोन राउटरला अनोळखी वाटतो आणि आरक्षण निकामी ठरते. अशा वेळी घरच्या नेटवर्कपुरती ती सोय बंद करावी लागते. राउटर बदलला की आरक्षणे पुन्हा भरावी लागतात. आणि सिग्नल वाढवण्यासाठी घरात दुसरा राउटर त्याच जाळ्यात जोडला असेल, तर त्याची डीएचसीपी सेवा बंद करणे भाग आहे. नाहीतर दोन राउटर एकमेकांना न विचारता पत्ते वाटत राहतात, आणि पहिल्यावर केलेले आरक्षण दुसऱ्याला ठाऊकच नसते.