न्यूट्रलजवळचा फॉल्ट कोण पकडणार?

मोठ्या कारखान्याच्या आवारात 10 एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर उभा आहे असं समजा. 33 केव्हीने वीज आत येते, 11 केव्हीने बाहेर पडते. वरच्या बाजूचं वाइंडिंग डेल्टा जोडणीचं, खालचं स्टार जोडणीचं. स्टारचा मधला बिंदू म्हणजे न्यूट्रल, आणि तो एका रेझिस्टरमधून जमिनीला जोडलेला. त्या रेझिस्टरमुळे अर्थ फॉल्टचा करंट 525 अँपिअरच्या वर जात नाही. 11 केव्हीच्या बाजूचा पूर्ण लोडचा करंटही नेमका तेवढाच आहे.

आता स्टारच्या एका फेजमध्ये कागदी इन्सुलेशन जुनं होऊन फाटलं आणि तांब्याची तार कोअरला टेकली. टेकली ती न्यूट्रलपासून 20 टक्के अंतरावर. तिथे व्होल्टेज पूर्ण फेजच्या एक पंचमांश, म्हणून जमिनीत जाणारा करंटही 525 चा एक पंचमांश, म्हणजे 105 अँपिअर. कोअरचे पत्रे वितळवायला तो पुरेसा आहे. पण 33 केव्हीच्या बाजूने पाहणाऱ्याला काय दिसतं? जेमतेम 4 अँपिअरची वाढ, आणि तीसुद्धा 175 अँपिअरच्या पूर्ण लोडवर.

याचं कारण असं की फॉल्ट न्यूट्रलकडे सरकला की दोन गोष्टी एकदम घटतात. करंट घटतो, आणि तो ज्या वेढ्यांतून वाहतो ते वेढेही घटतात. वरच्या बाजूवर पडणारा परिणाम या दोन्हींच्या गुणाकाराचा, शिवाय डेल्टा-स्टारमुळे आणखी घट. हा हिशोब पुढे नेला तर पूर्ण लोडच्या 20 टक्क्यांवर लावलेलं नेहमीचं डिफरन्शियल संरक्षणसुद्धा अशा ट्रान्सफॉर्मरमध्ये न्यूट्रलकडच्या जवळपास 59 टक्के वाइंडिंगवरचा फॉल्ट पकडू शकत नाही. निम्म्याहून जास्त वाइंडिंग वाऱ्यावर!

न्यूट्रलच्या तारेत मात्र ते 105 अँपिअर उघड वाहत असतात. मग तिथेच एक अर्थ फॉल्ट रिले लावला तर? लावतातच. पण त्या रिलेला घाई करता येत नाही. बाहेर एखाद्या फीडरची केबल जमिनीला टेकली तरी करंट याच न्यूट्रलमधून परत येतो, म्हणून आधी त्या फीडरचा ब्रेकर सुटायची वाट पाहावी लागते. तेवढ्या वेळात कोअर जळत राहतो.

आत आणि बाहेर यांतला हा फरक ओळखण्याचं काम रिस्ट्रिक्टेड अर्थ फॉल्ट संरक्षण करतं. सबस्टेशनवर त्याला सगळे आरईएफ म्हणतात. 11 केव्हीच्या तिन्ही फेजवर एकेक करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, आणि चौथा सीटी न्यूट्रलवर. चारही एकाच रेशोचे, आपल्या उदाहरणात 600/1. चौघांच्या तारा समांतर जोडून मध्ये रिले बसवलेला असतो. पाटातून जेवढं पाणी गेलं तेवढं शेतात पोचलं की नाही, एवढाच हिशोब तो मांडतो. लोड समतोल असेल तर तीन फेजची बेरीज शून्य आणि न्यूट्रलही शून्य. फॉल्ट बाहेर असेल तर फेजमधून जाणारा जादा करंट आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांना फेडतात. फॉल्ट चार सीटींच्या मधल्या हद्दीत असेल तरच न्यूट्रलच्या करंटला जोडीदार मिळत नाही, आणि तो शिल्लक करंट रिलेत घुसतो. कोणासाठी थांबायचं नसल्याने रिले ताबडतोब दोन्ही बाजूंचे ब्रेकर पाडतो. 0.1 अँपिअरची सेटिंग म्हणजे मूळ बाजूला 60 अँपिअर. आपला 105 अँपिअरचा फॉल्ट त्यात आरामात सापडतो.

कागदावर हे सोपं आहे. खरी अडचण सीटींच्या स्वभावात आहे. बाहेर तिन्ही फेज एकत्र शॉर्ट झाल्या आणि ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स 10 टक्के असला, तर 5250 अँपिअर धावतात. एवढ्या करंटात एखादा सीटी सॅच्युरेट होतो, बाकीचे दोघे बरोबर सांगत असताना तो गप्प बसतो, आणि बेरीज विनाकारण चुकते. यावर जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे रिलेच्या वाटेत मोठा रेझिस्टर टाकणं. गप्प बसलेल्या सीटीची वाट कमी अडथळ्याची असते, रिलेची जास्त. करंट साहजिकच सोप्या वाटेने जातो. आकडे पाहा: 5250 चे सेकंडरीत 8.75 अँपिअर, सीटी आणि तारांचा रेझिस्टन्स मिळून 4 ओहम धरला तर 35 व्होल्ट. 0.1 अँपिअरच्या रिलेसाठी सुमारे 350 ओहम लागले. सीटीचं नी-पॉइंट व्होल्टेज याच्या किमान दुप्पट हवं, म्हणून साध्या मीटरिंगच्या सीटीने इथे भागत नाही. भारतात यासाठी पीएस वर्गाचे सीटी मागवतात. आतल्या मोठ्या फॉल्टच्या वेळी या वाटेवर हजारो व्होल्टचे झटके उठू शकतात, म्हणून मेट्रोसिलची चकतीही जोडलेली असते. ती काढून टाकून पॅनल नीटनेटका करणारे महाभागही भेटतात.

पण सर्वांत जास्त दगा देते ती जोडणी. न्यूट्रल सीटीच्या दोन तारा उलट लागल्या तर रोजच्या कामात काहीच कळत नाही, कारण न्यूट्रलमध्ये करंटच नसतो. ट्रान्सफॉर्मर महिनोन्‌महिने चालतो. मग एक दिवस जेसीबीचा दात दूरच्या केबलला लागतो आणि फीडरबरोबर सगळा ट्रान्सफॉर्मरच पडतो, पॅनलवर आरईएफची खूण दाखवत. तेल तपासतात, मेगर लावतात, सगळं ठणठणीत. पुन्हा चालू करतात. पुढच्या केबल फॉल्टला पुन्हा तेच. बाहेरच्या प्रत्येक अर्थ फॉल्टला आरईएफ पडत असेल, तर वाइंडिंग उघडण्याआधी तारा पाहाव्यात.

हे सुरुवातीलाच पकडता येतं. 33 केव्हीच्या बाजूला साधे 415 व्होल्ट तीन फेज देतात. 11 केव्हीच्या बाजूला सीटींच्या पलीकडे एक फेज न्यूट्रल सीटीच्या जमिनीकडच्या टोकाला जोडतात, तेही न्यूट्रलचा रेझिस्टर बाजूला ठेवून. आपल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सुमारे 66 अँपिअर वाहतील, म्हणजे सेकंडरीत 110 मिलिअँपिअर. स्टॅबिलायझिंग रेझिस्टर शॉर्ट करून रिलेच्या वाटेवर मीटर लावला की दोन-चार मिलिअँपिअर दिसले तर जोडणी बरोबर. 220 च्या आसपास दिसले तर उलट. काही जण फक्त तिन्ही फेज शॉर्ट करून चाचणी उरकतात. त्यात न्यूट्रल सीटीतून काही वाहतच नाही, मग चूक कशी दिसणार?

न्यूट्रल अर्थ केलेलं स्टार वाइंडिंग दिसलं की या संरक्षणाचा विचार होतो, विशेषतः न्यूट्रलवर रेझिस्टर असेल तेव्हा. न्यूट्रल थेट जमिनीला जोडलेल्या 33/11 केव्ही सबस्टेशनमध्येही ते उपयोगी पडतं. तिथे न्यूट्रलजवळच्या फॉल्टला थोडेच वेढे शॉर्ट होतात, पण न्यूट्रलमधला करंट प्रचंड असतो. त्याला न दिसणारा प्रकारही आहे: जमिनीला न टेकता वेढ्यावेढ्यांत झालेला शॉर्ट. तिथे बुखोल्झ रिलेवरच भिस्त ठेवावी लागते.

कारखान्यातल्या 11 केव्ही/433 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरवर आणखी एक पेच येतो. तिथे न्यूट्रल चौथी तार म्हणून लोडपर्यंत जाते आणि असमतोल लोडचा करंट तिच्यातून परततो. चौथा सीटी नुसत्या अर्थिंगच्या पट्टीवर बसवला तर हा परतीचा करंट त्याला दिसतच नाही, आणि दुपारी एका फेजवर एसींचा भार वाढला की रिले पडू शकतो. सीटी न्यूट्रलच्या बुशिंगपाशी, पट्टी आणि बसबार वेगळे होण्याआधी बसवायचा. तिथे जागा नसेल, तर अर्थिंगच्या पट्टीवरच्या सीटीबरोबर न्यूट्रल बसबारवर पाचवा सीटी घालायचा.