निळ्या टिकांनंतरची शांतता

रविवारी रात्री दीडपर्यंत गप्पा, सोमवारी सकाळी ‘उठलीस का?’ आणि बुधवारपासून काहीच नाही. निळ्या टिका दिसतात, उत्तर येत नाही. पुढच्या मंगळवारी अचानक ‘फार आठवण येते गं’. तिने खरं तर चिडायला हवं, ती सुखावते.

याचं एक स्पष्टीकरण कबुतरांकडून मिळतं. फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७च्या ग्रंथात असे प्रयोग नोंदवले आहेत. चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळणारं कबुतर, दाणा बंद झाला की लवकरच नाद सोडतं. कधी मिळेल, कधी नाही, अशी सवय लागलेलं मात्र कितीतरी वेळ टोचत राहतं. त्याच्यासाठी रिकामा वेळ म्हणजे शेवट नसतो, दाण्याआधीचा टप्पा असतो.

माणूस कबुतर नाही. तो कारणंही शोधतो. ती स्वतःचाच शेवटचा मेसेज चारदा वाचते, ‘जास्तच बोलले का?’ म्हणते आणि पुढचा मेसेज जपून, छोटा लिहिते. नेमका तेव्हाच ‘आठवण’ आली, तर जपून लिहिल्याचंच ते फळ वाटतं.

अर्थात प्रत्येक शांतता म्हणजे खेळ नव्हे, आणि समोरचा हे मुद्दाम करतो असंही नाही. कामात बुडालेला माणूस ‘शुक्रवारी बोलू’ म्हणतो आणि शुक्रवारी बोलतो. इथे ती दूर सरकली की ऊब परतते; भेटीचा दिवस विचारला की पुन्हा निळ्या टिका.