चौकट : ६७ टक्के शेअर, पण जोखीम ४० टक्क्यांचीच

व्याख्या : सेबीने ऑक्टोबर २०१७मध्ये म्युच्युअल फंडांची वर्गवारी केली. बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंडाला शेअर किंवा रोख्यांत किमान किती गुंतवणूक हवी, याचे बंधन नाही. मल्टी ॲसेट फंडाला मात्र किमान तीन मालमत्ता-प्रकारांत प्रत्येकी १० टक्के ठेवावेच लागतात.

हिशोब : बाजार महाग झाल्याने व्यवस्थापकाला १०० रुपयांपैकी ४०च शेअरमध्ये हवे आहेत, असे धरू. पण वर्षभरानंतरच्या नफ्यावर १२.५ टक्के हा इक्विटी कर लागू व्हायचा, तर देशी शेअरमध्ये सरासरी किमान ६५ टक्के हवेत. म्हणून तो आणखी २७ रुपयांचे शेअर घेतो आणि तेवढ्याच किमतीचे फ्युचर्स विकतो. भाव कुठेही गेला तरी या २७ रुपयांवर फारसा परिणाम होत नाही. दोन्ही भावांतली तफावत तेवढी हाती येते. उरलेले ३३ रोख्यांत. फॅक्टशीटमध्ये एकूण हिस्सा ६७ दिसतो, निव्वळ ४०. पाहायचा तो निव्वळ आकडा.

सुकाणू कोणाच्या हाती?
- आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचे मॉडेल भाव आणि पुस्तकी मूल्याचे गुणोत्तर पाहते. मार्च २०२०च्या पडझडीत शेअर स्वस्त झाले, तसा त्याने शेअरचा हिस्सा वाढवला.
- एडलवाइजचा फंड बाजाराचा कल पाहतो. घसरण सुरू झाली की शेअर कमी करतो.

एकाच गटातले हे दोन फंड एकाच महिन्यात उलट दिशांना जाऊ शकतात. मूल्यांकनावर चालणारा फंड लांबलेल्या तेजीत मागे पडतो, तर कलावर चालणारा वर-खाली हेलकावणाऱ्या बाजारात चकतो.