वळवाच्या सरीला ‘रिमझिम’ चालत नाही

मराठीत पावसाची गाणी भरपूर आहेत, पण त्यातली बरीचशी श्रावणाची आहेत. रिमझिम, हिरवळ, इंद्रधनुष्य, झिम्माड सरी हा सगळा सरंजाम जुलै-ऑगस्टचा. उन्हाळा संपताना, दुपारभर काहिली झाल्यावर संध्याकाळी अचानक कोसळतो तो वळीव वेगळा. त्या वेळी रान हिरवं नसतं, मोरही नाचायला लागलेला नसतो. अंगणात धूळ असते आणि पत्रा तापलेला असतो. पहिल्या पावसावर गाणं लिहायला बसलेल्याची पहिली चूक इथेच होते. तो डोळ्यांनी लिहितो, आणि डोळ्यांना आठवतो तो श्रावण.

डोळ्यांनी लिहिलेली गाणी वाईट असतात असं मुळीच नाही. ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटातलं मोराचं गाणं गदिमांनी लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल दिली आणि आशा भोसले यांनी गायलं. मुलांसाठी त्यात नाचणारा मोर दिसणं गरजेचंच होतं. वळवाची मौज मात्र नाक, कान आणि कातडी यांच्या वाट्याला येते, तीही एका ठरावीक क्रमाने.

आधी येतो वारा. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीला आपटते आणि चहूकडे पसरते, म्हणून पाऊस पोचायच्या आधीच अंगाला गार झुळूक लागते. तिच्याबरोबर वास येतो. तो आपल्या अंगणाचा नसतो, पलीकडच्या शिवारात पाऊस आधीच पडून गेलेला असतो तिथला असतो. मग पत्र्यावर एखाददुसरा थेंब वाजतो आणि सगळ्यात शेवटी अंग भिजतं. गाण्याच्या कडव्यांनाही हाच क्रम दिला तर अर्धं काम पाऊसच करून देतो.

वासाची गोष्ट शास्त्रज्ञांनीही पुष्कळ उकलली आहे. ऑस्ट्रेलियातले इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी १९६४ साली या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं माती आणि दगडांत मुरतात, आणि ओल लागली की त्यांचा वास सुटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जिवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन मिसळतं. माणसाचं नाक या द्रव्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. लाख कोटी भागांत त्याचे मोजके काही भाग असले तरी ते ओळखतं. २०१५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपलं की, सच्छिद्र जमिनीवर थेंब आपटला की त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार हवेत उडवतात. हलक्या आणि मध्यम सरीत हे तुषार जास्त उडतात, धो धो पावसात कमी. उत्तर प्रदेशातल्या कनौजचे अत्तरवाले मात्र हे कोडं सोडवत बसले नाहीत. भाजलेली माती तांब्याच्या डेगमध्ये पाण्यासह उकळायची आणि तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, असा त्यांचा मिट्टी अत्तराचा सरळ हिशेब.

गीतकाराची अडचण निराळी. आवाजाला मराठीत टपटप, सरसर, भुरभुर असे कितीतरी नादशब्द आहेत, पण वासाला नाद नसतो. ‘मृद्गंध’ लिहिलं की कान ओळखतो, नाक मात्र ढिम्म. ‘दरवळ’ तर मोगऱ्यालाही चालतो आणि उदबत्तीलाही. अशा वेळी वासाचं नाव न घेता वास घेणारा माणूस दाखवावा.

समजा, एक गीतकार आठ मात्रांच्या केरव्यात मुखडा बांधतोय. पहिल्या खर्ड्यात तो ‘रिमझिम आल्या सरी’ असं लिहितो आणि तिथेच पाऊस बिघडतो. वळवाचा थेंब पाच मिलिमीटरपर्यंत मोठा असू शकतो. तो सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने पडतो. अर्ध्या मिलिमीटरचा भुरभुरीतला थेंब जेमतेम दोन मीटरने. म्हणजे वळीव रिमझिमत नाही, तो आपटतो, आणि सुरुवातीला दोन थेंबांमध्ये बरंच अंतर असतं. ‘रिमझिम’मध्ये र, झ, म हे घासत, घुमत राहणारे वर्ण आहेत. त्यांतून सलग धार ऐकू येते. आपटण्यासाठी ट, प, ठ, क असे ओठ किंवा जीभ क्षणभर बंद करणारे वर्ण हवेत. म्हणून तो खोडतो आणि लिहितो:

पत्र्यावरती टप्… टप्
अंगण सारं झालं गप्प

‘पत्र्यावरती’ म्हणताना आठ मात्रा भरतात. पुढच्या आवर्तनात फक्त दोन थेंब. पहिला समेवर. दुसरा पाचव्या मात्रेवर पडावा असं कानाला वाटतं, कारण केरव्याची खाली तिथेच येते. चाल देणाऱ्याने तो मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा टाकावा. पाऊस तालात पडत नाही हे तेवढ्याने कळतं. दोन्ही थेंब मात्रेवर चोख बसवले तर ते पावसाचे न वाटता नळाचे वाटतात.

मग वास:

पाखडताना थांबले हात
दूर कुठंशी भिजली वाट

इथे गंध, सुगंध, माती यांपैकी एकही शब्द नाही. तरी सुपातले हात का थांबले हे ज्याने मे महिन्यात घराच्या ओसरीवर दुपार काढली आहे त्याला सांगावं लागत नाही. ‘हात’ आणि ‘वाट’ हे यमक पुस्तकी हिशेबात कच्चं आहे, पण लोकगीतात असलं बरंच खपतं. गायिकेने ‘थांबले’नंतर श्वास घ्यावा आणि तो ऐकू येऊ द्यावा. एरवी ध्वनिमुद्रणात असे श्वास कापून टाकतात, इथे तोच वास आहे.

स्पर्शाचं कडवं सगळ्यात अवघड, कारण ‘चिंब’ या शब्दाने त्याचा पार चोथा केला आहे. पहिल्या सरीत माणूस लगेच चिंब होत नाही. आधी तापलेल्या फरशीचा तळपायाला चटका बसतो आणि त्याच वेळी मानेवर गार थेंब पडतो. हे दोन्ही एकाच ओळीत आणावं. चालीत याला जोड हवी असेल तर तानसेनाच्या नावाशी जोडला जाणारा मियाँमल्हार पाहावा. त्यात कोमल गंधार सरळ लागत नाही, संथ आंदोलन घेत डुलतो, आणि दोन्ही निषाद जवळजवळ येतात. हा राग अख्खा घेतला तर मात्र गाणं भर पावसाळ्यात जाऊन बसतं. शहाऱ्यापुरता एक आंदोलित स्वर पुरे.

शेवटचा मोह स्टुडिओतला. गाण्याच्या सुरुवातीला खऱ्या पावसाचं ध्वनिमुद्रण जोडायचं. ते ऐकायला बहुधा कढईत भजी तळल्यासारखं येतं, कारण हजारो थेंबांचा आवाज मायक्रोफोनमध्ये एकजीव होऊन सपाट होतो. पत्र्याच्या डब्यावर सोडलेले सुटे हरभरे वळवाच्या जास्त जवळ जातात.

यंदा वळीव आला की मोबाइल आत ठेवून ओसरीवर बसा आणि पहिला वास आल्यापासून तो विरेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळात बघा. तुमच्या गाण्यातलं वासाचं कडवं त्याहून लांब नको.