टीबीच्या १६८ डोसांचा हिशेब

आमच्या आरोग्य गटातील कार्यकर्ते वस्तीत फिरतात तेव्हा टीबीच्या रुग्णाच्या घरी एकच गोष्ट मागून बघतात, ती म्हणजे गोळ्यांची पट्टी. खोकला थांबला का, भूक लागते का, हे तोंडी कळते; पण औषध खरेच पोटात गेले का, हे पट्टीवरची रिकामी खोकी सांगतात. मुंबईतल्या एका वस्तीतील चौतीस वर्षांच्या हमाली करणाऱ्या भावाची पट्टी आम्ही सहा महिने पाहिली. त्याच्याच परवानगीने, नाव न घेता, तो हिशेब इथे मांडतो.

१५ जूनला त्याचे औषध सुरू झाले. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले होते; नेहमीची औषधे त्या जंतूंवर चालतात, हेही तपासणीत दिसले होते. वजन भरले ४६ किलो. सरकारी दवाखान्यात मोठ्या माणसाला गोळ्या वजनावर मिळतात: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला रोज चार. म्हणून याला तीन. पहिल्या दोन महिन्यांच्या प्रत्येक गोळीत चार औषधे एकत्र असतात: आयसोनिॲझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅमब्युटॉल. असे ५६ डोस. पुढच्या चार महिन्यांच्या गोळीत पायराझिनामाइड नसते, बाकीची तीन असतात. असे ११२ डोस. एकूण १६८. डोस म्हणजे एका दिवसाच्या सगळ्या गोळ्या, एकाच वेळी घेतलेल्या. तीन गोळ्या सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटून घ्यायच्या नसतात.

दुसऱ्याच दिवशी त्याची लघवी नारिंगी-लाल झाली. रक्त जाते आहे असे वाटून त्याने तीन दिवस गोळ्या बंद ठेवल्या आणि कोणाला सांगितलेही नाही. हा रंग रिफाम्पिसिनचा. घाम आणि डोळ्यांतले पाणीही तसेच होते. त्यात काहीच धोका नाही. आशाताईंनी आधीच एक वाक्य सांगितले असते तर हे तीन दिवस वाचले असते, म्हणून आम्ही आता ते पहिल्याच भेटीत सांगतो.

मग मळमळ सुरू झाली. या गोळ्या उपाशीपोटी चांगल्या लागू पडतात. पण उलटीच होणार असेल तर थोडे खाऊन घेतलेल्या बऱ्या. त्याने अर्धी भाकरी खाऊन गोळ्या घ्यायला सुरुवात केली आणि आठवड्यात मळमळ सोसवेल इतकी झाली. पित्ताचे पातळ औषध मात्र मनाने या गोळ्यांबरोबर घेऊ नये, त्याने आयसोनिॲझिड नीट अंगी लागत नाही. दुसऱ्या महिन्यात गुडघे दुखू लागले. ते बहुधा पायराझिनामाइडमुळे होते. डॉक्टरांनी दुखण्याची साधी गोळी दिली, आणि दोन महिन्यांनी ते औषधच संपल्यावर गुडघेही शांत झाले. हातापायांना मुंग्या येत असतील तर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी मागून घ्यावी. दारू पिणाऱ्यांना, साखरेचा आजार असणाऱ्यांना आणि गरोदर बायांना हा त्रास जास्त होतो.

हे सगळे गोळ्या चालू ठेवून निभवायचे त्रास. दोन-तीन त्रास मात्र वेगळे आहेत. डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना पूर्ण जाणे, सतत उलट्या आणि पोटात उजवीकडे वर दुखणे ही यकृताला सूज आल्याची खूण असते. नजर धूसर होणे किंवा लाल-हिरवा रंग ओळखता न येणे हे इथॅमब्युटॉलमुळे होऊ शकते. अंगभर पुरळ येऊन फोड उठणे किंवा तोंड सोलवटणे हेही तसेच गंभीर. यांपैकी काही दिसले तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी दवाखान्यात जावे. काविळीत डॉक्टर सगळ्या गोळ्या थांबवतात, रक्त तपासतात, यकृत सावरले की एकेक औषध सुटे करून पुन्हा सुरू करतात. घरी हे करता येत नाही, कारण एकाच गोळीत सगळी औषधे बांधलेली असतात. झाडपाल्याच्या काढ्याने कावीळ उतरवण्यात आठवडे घालवू नयेत. आणि दारू: पंचशीलातले पाचवे शील एरवी कोणी पाळो न पाळो, या सहा महिन्यांत ते यकृताच्या जिवावरचे आहे.

बायांसाठी एक गोष्ट, जी दवाखान्याच्या गर्दीत सांगायची राहून जाते. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. तांबी किंवा निरोध वापरावा. साखरेची, फिटची किंवा एचआयव्हीची औषधे चालू असतील तर तीही डॉक्टरांना दाखवावीत.

१२ ऑगस्टला भावाचे ५६ डोस पुरे झाले. खोकला गेला होता, बेडका तपासला तर जंतू दिसले नाहीत. इथेच खरी गडबड होते. पहिल्या दोन महिन्यांत भराभर वाढणारे जंतू मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. पण काही जंतू जवळपास निजल्यासारखे पडून असतात. ते अधूनमधून जागे होतात तेव्हाच औषधाला सापडतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात.

दसऱ्याला भाऊ नातलगांसोबत दीक्षाभूमीला गेला. गोळ्या घरीच ठेवल्या. विसरला नव्हता. सगळ्यांच्या पंगतीत, एकाच हॉलमध्ये मुक्काम, पट्टी काढली की कळणार. गावच्या एका लग्नात त्याच्यासमोर वेगळे ताट आले होते, ते त्याला आठवले. आमच्या आजोबांनी वेगळ्या ताटाचा आणि वेगळ्या पाण्याचा अर्थ अंगावर सोसला आहे. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसाला वेगळे ताट द्यावे, हे आम्हाला टीबीपेक्षा जास्त लागते. टीबी ताटातून, पेल्यातून पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो, आणि औषध नियमित सुरू झाले की काही आठवड्यांत ते पसरणेही फार कमी होते.

परत आल्यावर काही त्रास नाही, म्हणून आणखी काही दिवस गेले. ३० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, अकरा डोस. त्याच्या आईने पट्टी मोजली आणि आम्हाला बोलावले. एखादा दिवस चुकला तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावा, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. चुकलेले डोस शेवटी जोडले जातात. वारंवार खंड पडला तर अर्धवट मार खाल्लेल्या जंतूंतून औषधाला न जुमानणारे जंतू उरून वाढतात, आणि मग उपचार वेगळा आणि जड होतो. महिनाभर खंड पडला तर पुन्हा तपासणीपासून सुरुवात करावी लागते. याचा खंड त्याआधीच थांबला.

दवाखान्यात पुन्हा वजन केले तर ५२ किलो. पाच किलोंहून जास्त वाढून वजन वरच्या गटात गेले, म्हणून गोळ्या तीनच्या चार झाल्या. आई घाबरली, आजार वाढला की काय! उलट, अंग भरले म्हणून औषध वाढले. दर महिन्याचे पोषणाचे १००० रुपये बँक खाते जोडण्यात अडकले होते, तेही त्याच खेपेला मार्गी लागले. अडचण आली तर १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

आता आई सकाळी बुद्धवंदनेनंतर चहाच्या आधी चार गोळ्या तळहातावर ठेवत असे आणि रिकाम्या खोक्यावर पेनने तारीख लिहीत असे. खंड पडला नसता तर २९ नोव्हेंबरला औषध संपले असते. सुरुवातीचे तीन आणि मधले अकरा दिवस जोडून ते १३ डिसेंबरवर गेले. ६ डिसेंबरला तो चैत्यभूमीच्या रांगेत होता, तेव्हा पट्टी त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. पहाटेच रांगेत उभ्या उभ्या पाण्याच्या बाटलीतून गोळ्या घेतल्याचे त्याने सांगितले. शेजारच्या बाईने विचारले, कशाच्या? त्याने सांगितले, टीबीच्या, आठ दिवस राहिले. तिने आपल्या डब्यातली पोळी त्याच्यापुढे केली.

शेवटच्या डोसानंतर बेडका पुन्हा तपासला, जंतू नाहीत. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचे आहे. पहिली तारीख जूनमधली आहे, ती आईने पट्टीच्या शेवटच्या खोक्यावर लिहून ठेवली आहे.