समेआधीच्या चार मात्रा

आमचं भजनी मंडळ एकेकाळी एकाच वाड्यातलं होतं. वाडा पडला, त्या जागी इमारत आली आणि आम्ही अकराजणी पांगलो. पाच पुण्यातच, पण पाच टोकांना. बाकीच्या नाशिक, संगमनेर, बडोदा, आणि एक लेकीकडे दुबईला. आषाढी एकादशीला मात्र देवळात एकत्र गायचं, हे अजून मोडलेलं नाही. यंदा जनाबाईंच्या एका अभंगाला नवी चाल लावली होती. ती दोन महिन्यांत, समोरासमोर न बसता, फोनवरूनच शिकवायची होती.

पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, व्हिडिओ कॉलवर जमू आणि म्हणू. जमलो, पण म्हणता आलं नाही. देवळात दहा मीटरवर बसलेल्या बाईचा आवाज आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा तिसावा भाग पुरतो. तेवढा उशीर कानाला चालतो. कॉलवर तोच आवाज सेकंदाचा पाचवा भाग, कधी त्याहून जास्त मागे राहतो. आमची लय मिनिटाला शंभर मात्रांची, म्हणजे एक मात्रा जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडी मोठी. एवढ्या उशिरात तिचा तिसरा हिस्सा निघून जातो. मग प्रत्येकजण दुसरीसाठी थांबते आणि लय पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते. एकत्र गायचा हट्ट तिथेच सोडला.

मग मी व्हॉइस नोट पाठवायला लागले. चाल भीमपलासाच्या अंगाची. पहिल्या रात्री धृपद म्हणून पाठवलं, दुसऱ्या दिवसापासून एकेक कडवं. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात, त्यामुळे तुकडे पाडायला जागा आपोआप मिळते. आठवड्याभरात शब्द सगळ्यांना आले आणि सूरही बराचसा आला. मी खूश होते. मग संगमनेरच्या वहिनींनी त्यांच्या पुतण्याला तबल्यावर बसवून म्हणून पाठवलं आणि माझी चूक मला ऐकू आली.

चाल समेवर सुरू होत नव्हती. ठेका आठ मात्रांचा; धृपद पाचव्या मात्रेवर उचलायचं आणि चार मात्रांनी विठ्ठलाच्या नावावर सम गाठायची. वहिनी पहिल्याच मात्रेवर उचलत होत्या. सूर सगळे बरोबर, शब्द बरोबर, पण सम एका भलत्याच जोड-शब्दावर पडत होती. देवाचं नाव जिथे बसायला हवं तिथे ‘आणि’ येऊन बसला होता. इतर दहाजणींना टाळी देऊन म्हणायला लावलं, तर सातजणींची तीच गत. त्यांचा दोष नव्हता. व्हॉइस नोट गाण्याच्या पहिल्या अक्षरापासून सुरू होते. मी बटण दाबलं की गायलाच लागायची. गाण्याच्या आधीच्या चार मात्रा मी मनात मोजत होते, त्या फोनपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या.

तेव्हा सरावाचे ट्रॅक करायला बसले. साधन म्हणजे दोन फोन. एकावर तंबोरा आणि ठेका लावून तो हात-दीड हात लांब ठेवायचा, दुसरा तोंडापासून वीतभर अंतरावर धरून रेकॉर्ड करायचं, साड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसायचं. साड्या आवाज पिऊन टाकतात, खोली घुमत नाही. एक गंमत इथेच कळली. माझ्या फोनला तंबोरा म्हणजे पंख्याची घरघर वाटे. एकसुरी आवाज गोंगाट समजून तो पुसून टाकायचा आणि तंबोरा दोन सेकंदांत विरायचा. रेकॉर्डिंगचं वेगळं अॅप घेऊन त्यातली आवाज साफ करायची सोय बंद केली, तेव्हा तो टिकला.

प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला दोन पूर्ण आवर्तनं नुसता ठेका. तिसऱ्या आवर्तनात मी ‘एक, दोन, तीन, चार’ बोलून मोजते आणि पाचवर उचलते. ट्रॅकची जोडीही केली. पहिल्यात मी सगळं गाते. दुसऱ्यात मी फक्त पुढची ओळ म्हणते आणि मागच्यांनी जिथे झील धरायची तिथे गप्प बसते. एक आवर्तन नुसता तंबोरा आणि ठेका वाजतो. ती रिकामी जागा हाच खरा वर्ग. पहिल्या ट्रॅकबरोबर गाताना माझा आवाज टेकूसारखा असतो, आपण अर्धी मात्रा उशिरा आलो तरी कळत नाही. रिकाम्या जागेत कळतं.

सुराची पट्टी आधी ठरवायला हवी होती, ती मी मागाहून ठरवली. मी काळी चारमध्ये गायले होते. शेवटच्या कडव्यात तार गंधार लागतो, तिथे सत्तरी ओलांडलेल्या दोघी ओरडायला लागल्या. सगळं पुन्हा पांढरी पाचमध्ये केलं. अर्धाच सूर खाली, पण ओरडणं थांबलं. नवी चाल पाठवण्याआधी तिची सर्वांत उंच ओळ तेवढी प्रत्येकीकडून म्हणून मागवावी, हे आता पाठ झालंय.

जुन्या फाइली हटवणं तर त्याहून कठीण. सगळ्यांच्या फोनवरून निरोप पुसायची मुभा अडीचएक दिवसच असते. त्यानंतर चुकीची पट्टी लोकांकडे राहतेच. व्हॉइस नोटला नावही देता येत नाही, ती सुप्रभाताच्या फुलांखाली गाडली जाते. म्हणून ट्रॅक फाइल म्हणून पाठवले, नावात पट्टी आणि क्रमांक घालून, आणि त्यासाठी निराळा ग्रुप केला, जिथे फक्त मीच टाकू शकते.

उत्तरं मात्र माझ्या एकटीकडे मागवली. चारचौघींत चुकायची लाज वाटते म्हणून बायका दहादा म्हणून अकरावी प्रत पाठवतात आणि ती खोटी असते. मला तिसरी हवी असते. अट एकच: ट्रॅक एका फोनवर मोठ्याने वाजवायचा आणि दुसऱ्यावर स्वतःला रेकॉर्ड करायचं. कानात घालून गायलं तर मला नुसता गळा ऐकू येतो, लय चुकली की नाही ते समजत नाही. या प्रतींतूनच कळलं की नाशिकच्या काकू चढताना रिषभ घेतात. भीमपलासात षड्जावरून थेट कोमल गंधारावर जायचं असतं. मधला रिषभ घेतला की चाल काफीकडे झुकते. काकूंना ‘रिषभ नको’ सांगून काही होईना. तेवढे तीन सूर मी अतिशय सावकाश, ‘आ’कारात, वीस वेळा म्हणून पाठवले. चार दिवसांनी रिषभ गेला. दुबईच्या मैत्रिणीची मात्र लय वेगळीच पळे. तिने कधीतरी व्हॉइस नोट दीडपट वेगाने ऐकली होती आणि फोन पुढच्या सगळ्या तशाच ऐकवत होता.

एकादशीच्या आदल्या दिवशी सगळ्याजणी एका घरात बसलो. पखवाजवाला आला. त्याने दोन आवर्तनं वाजवली, कोणी हलली नाही. चौथ्या मात्रेला अकरा श्वास एकदम आत गेले आणि पाचव्यावर उचल झाली. शेवटी त्याने नेहमीप्रमाणे लय वाढवली, तेव्हा आम्ही फरफटलो, कारण ट्रॅक एकाच गतीचा होता. तासभर त्यावरच घालवला.

तिसऱ्या कडव्यात मात्र एक चमत्कार झाला. दुसऱ्या चरणानंतर सगळ्याजणी किंचित थांबल्या. चालीत तिथे विराम नव्हता. पखवाजवाला माझ्याकडे बघायला लागला. घरी जाऊन ट्रॅक ऐकला: त्या जागी मी आवंढा गिळला होता. दुसऱ्या दिवशी देवळात तो आवंढा आम्ही सगळ्यांनी मिळून, लयीत गिळला.